मौजे सापडलं की कचेरी सापडते
(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रम समितीने मला विषय दिला तो असा : ‘आपल्या मिळकतीचे दुय्यम निबंधक कार्यालय कोणते व ते कसे शोधावे’. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. पण बँकेत कर्जविभागात माझी बरीच वर्षं गेली. कागद पूर्ण असूनही केवळ चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालणारी माणसं मी रोज पाहत होतो. म्हणून हा विषय मी आनंदाने घेतला.

आधी नावाचा घोळ मिटवू या. आपल्या सोसायटीचा संबंध ज्यांच्याशी येतो ते ‘उपनिबंधक, सहकारी संस्था’. निवडणूक, लेखापरीक्षण, थकबाकीदारांची वसुली ही त्यांची कामं. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा आदेश देतात ते ‘जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था’. ही सगळी मंडळी सहकार खात्याची. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र नोंदवतात ते ‘दुय्यम निबंधक’. ते नोंदणी व मुद्रांक विभागाचे. एकाच तालुक्यात अशी अनेक कार्यालयं असतील तर पाटीवर ‘सह दुय्यम निबंधक’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे क्रमांक असतो. त्यांच्यावरचे अधिकारी म्हणजे सह जिल्हा निबंधक. जिल्हा उपनिबंधकांचा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश हातात आला म्हणजे काम संपलं असं पुष्कळ सोसायट्यांना वाटतं. पण त्या आदेशानंतर होणारा दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकांकडेच जावं लागतं. नावात ‘निबंधक’ दोन्हीकडे आहे, म्हणून रिक्षा करायच्या आधी पाटीवरचा पुढचा-मागचा शब्द विचारून घ्यावा.

आता मुद्द्याचं. आपल्या मिळकतीचं कार्यालय कुठलं? माणूस विचार करतो तो पोस्टाच्या पत्त्यावरून. पिनकोड अमुक, पोलीस चौकी तमुक, मग कचेरी जवळचीच असणार. नोंदणी कायदा मात्र यातलं काही विचारत नाही. हा कायदा १९०८ सालचा आहे. त्याचं कलम २८ सांगतं की स्थावर मिळकतीचा दस्त त्या कार्यालयात सादर करायचा, ज्याच्या उपजिल्ह्यात ती मिळकत किंवा तिचा काही भाग येतो. उपजिल्हा म्हणजे नोंदणीखात्याने आखलेलं क्षेत्र. आपल्याकडे ते साधारणपणे तालुक्याच्या हद्दीवरून आखलेलं असतं. तालुका ठरतो महसुली गावावरून, ज्याला आपण ‘मौजे’ म्हणतो. म्हणजे क्रम असा : आधी मौजे, मग तालुका, मग कार्यालय. तुम्ही राहता कुठे, घेणारा कुठला, देणारा कुठला, याला इथे महत्त्व नाही. मिळकत कुठे आहे एवढंच बघायचं.

मृत्युपत्राचं तसं नाही. ते कुठल्याही दुय्यम निबंधकांकडे नोंदवता येतं, कारण ते जागेला बांधलेलं नसतं. बाकी खरेदी, बक्षीस, गहाण, हक्कसोड यांना जागेचं बंधन आलं.

इथे पुण्यात आणखी एक गंमत होते. आपल्या कागदांवर कार्यालयाचं नाव ‘हवेली’ असं असतं. नवीन आलेले लोक विचारतात, “काका, हे हवेली गाव कुठे आलं?” हवेली नावाचं गाव शोधत बसू नका. तो पुणे शहराला वेढणारा तालुका आहे. शहराचे आणि हवेली तालुक्याचे दस्त ‘हवेली क्रमांक अमुक’ अशा अनेक कार्यालयांत नोंदले जातात. त्यांना सामाईक अधिकार असतात. तुमचा दस्त हवेली ४ मध्ये झाला आणि शेजाऱ्यांचा हवेली ११ मध्ये, तर दोघांचंही बरोबर आहे. पण याचा एक परिणाम बँकवाले नेहमी लक्षात ठेवतात. अशा ठिकाणी सर्च घ्यायचा तर एका कार्यालयाच्या सूचीवर भागत नाही. दस्त कुठेही झालेला असू शकतो, त्यामुळे सामाईक अधिकाराच्या सगळ्याच कार्यालयांच्या नोंदी पाहाव्या लागतात. सर्च रिपोर्टमध्ये एकाच क्रमांकाच्या कार्यालयाचा उल्लेख असेल तर वकिलांना तसा प्रश्न जरूर विचारा.

आता मौजे कसं ओळखायचं? आपण बोलताना वस्तीची नावं घेतो. सहकारनगर म्हणतो, पण कागदावर मौजे पर्वती असतं. मगरपट्टा सिटी म्हणतो, कागदावर हडपसर असतं. शिवाजीनगरच्या जुन्या कागदांत भांबुर्डा सापडतं. गाव महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत बंद झाली, रस्त्याला नवं नाव मिळालं, तरी महसुली गावाचं नाव दप्तरात टिकून राहतं. एकसारख्या नावांचीही पंचाईत असते. एकट्या हवेली तालुक्यात वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी अशी अनेक वडगावं आहेत. आणखी एक वडगाव मावळात, तालुक्याच्या ठिकाणी. आंबेगाव बुद्रुक हे कात्रजजवळचं गाव हवेलीत येतं. आंबेगाव नावाचा तालुका मात्र वेगळाच, त्याचं मुख्य ठिकाण घोडेगाव. नुसतं ‘आंबेगाव’ ऐकून निघालेला माणूस साठ-सत्तर किलोमीटर चुकू शकतो.

यावर एक घडलेलं उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या मुलीने आणि जावयाने काही वर्षांपूर्वी बावधनला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. जुना फ्लॅट, दुसऱ्या हातचा. पत्ता ‘बावधन, पुणे’. एजंट म्हणाला, “पुण्यातच आहे साहेब, हवेलीत कुठेही करून टाकू.” तारीख ठरली, साक्षीदार ठरले, मुलीने ऑफिसात रजा टाकली. तेव्हा ते गृहस्थ कागद घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना म्हटलं, देणाऱ्याच्या मूळ करारनाम्याची सूची क्रमांक दोन आधी काढा.

सूची क्रमांक दोन म्हणजे आपण सगळे जिला इंडेक्स टू म्हणतो ती. दस्त नोंदला की त्याचा सारांश असलेलं एक पान मिळतं. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या फाईलमध्ये ते असेल. त्याच्या डोक्यावर तीन गोष्टी असतात : दुय्यम निबंधकांचं नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष, आणि ‘गावाचे नाव’. खाली भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, देणार-घेणार, तारखा, मुद्रांक शुल्क वगैरे येतं. आपल्याला हवं ते सगळं वरच्या तीन ओळींत आहे.

त्या फ्लॅटच्या सूचीवर गावाचं नाव होतं ‘बावधन बुद्रुक’ आणि कार्यालय होतं मुळशीचं. इथे खरी गोम होती. बावधनं दोन आहेत. बावधन खुर्द हवेली तालुक्यात, बावधन बुद्रुक मुळशी तालुक्यात. दोन्ही एकमेकांना लागून, बोलताना दोघांनाही बावधनच म्हणतात. त्या वेळच्या व्यवस्थेत बुद्रुकचा दस्त मुळशीच्या कार्यालयात जायचा, हवेलीत नाही.

पण एका कागदावर विसंबू नये, म्हणून आम्ही दोन ठिकाणी पडताळून पाहिलं. पहिलं, नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावरचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात. तो बाजारभाव पाहण्यासाठी असतो, पण गाव शोधायलाही उत्तम. जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, की त्या तालुक्यातल्या गावांची यादी उघडते. हवेलीखाली बावधन खुर्द दिसलं, मुळशीखाली बावधन बुद्रुक. दुसरं, bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा. तिथेही जिल्हा, तालुका, गाव अशाच क्रमाने जावं लागतं. त्या सोसायटीचा सर्व्हे नंबर मुळशी, बावधन बुद्रुक इथे टाकल्यावर सातबारा निघाला आणि त्यावर बिल्डरला जमीन देणाऱ्या मूळ मालकांची नावं जुळली. तीन कागदांनी एकच गाव सांगितलं तेव्हा आम्ही निश्चिंत झालो. शहरात जिथे सिटी सर्व्हे झालेला आहे, तिथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड पाहायचं.

हे सगळं पैसे भरण्याच्या आधी व्हायला हवं, कारण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचं ऑनलाइन चलन भरताना जिल्हा आणि कार्यालय निवडावं लागतं. एजंटने चलन हवेलीच्या नावाने काढायची तयारी केली होती. ते थांबलं. मुदतीचीही गोष्ट आहे. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो सादर करावा लागतो. उशीर झाला तर पुढचे चार महिने दंड भरून घेता येतो, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. चुकीच्या कचेरीत घालवलेले दिवस या चार महिन्यांतूनच वजा होतात.

आता कुणी म्हणेल, काका, हे जुनं झालं. अलीकडे तर जिल्ह्यात कुठेही नोंदणी करता येते. खरं आहे. २०२५ मध्ये शासनाने आधी मुंबईत आणि मग ‘एक जिल्हा एक नोंदणी’ म्हणून हद्दींची ही कुंपणं बरीच सैल केली. नागरिकांची मोठी सोय झाली. म्हणून आज दस्त करायच्या आधी विभागाच्या मदतवाहिनीवर किंवा कार्यालयात विचारून, आपल्या मिळकतीला कोणकोणती कार्यालयं चालतात ते पक्कं करावं. पण कार्यालय कुठलंही चाललं तरी दस्तात गाव कुठलं लिहायचं, हा प्रश्न उरतोच. उलट आता तो जास्त जपायला हवा. पूर्वी चुकीच्या कचेरीत गेलात तर तिथला कारकूनच “हे आमच्याकडचं गाव नाही” म्हणून परत पाठवायचा. ती चाळण आता तितकी राहिलेली नाही.

गाव चुकलं तर काय होतं? सूची क्रमांक दोन गावानुसार लागते. बावधन बुद्रुकचा फ्लॅट दस्तात बावधन खुर्द म्हणून लिहिला, तर त्याची नोंद खुर्दच्या यादीत जाऊन बसते. उद्या कुणी बुद्रुकमध्ये शोध घेतला तर तुमचं खरेदीखत त्याला दिसणारच नाही. आधीच्या मालकाच्या नावापाशी शोध थांबेल. तुम्ही विकायला काढाल तेव्हा बँक म्हणेल, साखळी तुटली. मग चूक दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. त्यावर आधीच्या विक्रेत्याचीही सही लागते. दहा वर्षांनी तो विक्रेता कुठे असेल, हयात असेल का, हे कुणी सांगावं? म्हणून दस्ताचा मसुदा हातात आला की रकमेच्या आधी मौजे, तालुका आणि सर्व्हे नंबर वाचा.

जागेच्या या नियमाला न्यायालयं किती गांभीर्याने घेतात त्याचा एक जुना दाखला देतो. हरेंद्रलाल रॉय चौधरी विरुद्ध हरिदासी देवी हा खटला. प्रिव्ही कौन्सिलने त्याचा निकाल १९१४ साली दिला. एक गहाणखत कलकत्त्यात नोंदवता यावं म्हणून त्यात कलकत्त्यातला एक भूखंड घातला होता. प्रत्यक्षात तो भूखंड नावापुरताच होता, तसा काही गहाण टाकायला अस्तित्वातच नव्हता. न्यायमूर्तींनी सांगितलं, त्या कार्यालयाला अधिकारच पोचत नव्हता, म्हणून ती नोंदणी ग्राह्य नाही. मिळकतीचा काही भाग एका उपजिल्ह्यात, काही दुसऱ्यात असेल तर कुठल्याही एका ठिकाणी नोंदवण्याची सोय कायद्यात आहे. पण तो भाग खरोखरीचा असला पाहिजे.

आता शेवटचा भाग, आणि आपल्यासारख्या पांढऱ्या केसांच्या मंडळींच्या तो जास्त कामाचा. नवीन दस्त कुठे करायचा यापेक्षा जुना दस्त कुठे पडला आहे हा प्रश्न आपल्याला अधिक पडतो. आपल्यातल्या पुष्कळांची गावाकडे थोडीफार जमीन आहे. वडिलांनी घेतलेली, कागद कुठल्यातरी ट्रंकेत.

आपल्याच एका सभासदांची हकीकत, त्यांच्या परवानगीने सांगतो. त्यांच्या वडिलांनी १९७४ मध्ये कोकणात साटेली-भेडशी इथे जमीन घेतली. घरात खरेदीखताच्या पहिल्या दोन पानांची झेरॉक्स होती, बाकी काही नाही. त्यावर लिहिलेलं : जिल्हा रत्नागिरी, तालुका सावंतवाडी. एक पुतण्या म्हणाला, रत्नागिरीला जाऊ या, कागदावर जिल्हा तोच आहे. दुसरा म्हणाला, गाव तर आता दोडामार्ग तालुक्यात आहे, दोडामार्गला चौकशी करू. दोघांचं म्हणणं तर्काला धरून होतं, पण दोन्हीकडे तो दस्त मिळायचा नव्हता.

का ते पाहा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९९९ मध्ये सावंतवाडीतून दोडामार्ग तालुका वेगळा झाला. पण १९७४ साली ते गाव सावंतवाडी तालुक्यात होतं. दस्त नोंदला गेला तेव्हाच्या तालुक्याच्या कार्यालयात, आणि पुस्तकातली नोंद त्याच कार्यालयाच्या नावाने राहते. तालुका फुटला म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीचं पान उठून नव्या कचेरीत चालत जात नाही. तेव्हा नव्या दस्तासाठी आजचा तालुका बघायचा आणि जुन्या दस्तासाठी त्या वर्षीचा. शोध सावंतवाडीच्या कार्यालयातूनच सुरू करायचा.

दस्त क्रमांक कसा मिळवायचा? मूळ दस्त पूर्ण असता तर सोपं होतं. जुन्या दस्ताच्या शेवटच्या पानांवर किंवा पाठीमागे शेरे असतात : कुठल्या सब-रजिस्ट्रार कचेरीत, कुठल्या तारखेला, किती वाजता हजर केला, आणि ‘एक नंबरच्या बुकात अमुक नंबरी नोंदला’. एक नंबरचं बुक म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक. मृत्युपत्रं तीन नंबरच्या बुकात जातात. लोक झेरॉक्स काढताना नेमकी ही मागची बाजू सोडतात, इथेही तसंच झालं होतं.

मग त्यांनी सातबाऱ्यावरून सुरुवात केली. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापाशी फेरफार क्रमांक होता. त्या क्रमांकाचा जुना फेरफार महसूल दप्तरातून काढला. त्यात लिहिलं होतं की रजिस्टर खरेदीखताने नाव लावलं, आणि खरेदीखताची तारीख डिसेंबर १९७४ मधली होती. क्रमांक नव्हता. तेव्हा सावंतवाडीला अर्ज करताना त्यांना मी सुचवलं की १९७४ बरोबर १९७५ चीही सूची तपासायला सांगा. सह्या डिसेंबरात झाल्या असल्या तरी सादर करायला चार महिने होते. आणि खरोखर, नोंद निघाली ती फेब्रुवारी १९७५ ची. वर्ष एकच धरलं असतं तर ‘आढळून आले नाही’ असं उत्तर घेऊन ते परतले असते. नक्कल फी भरल्यावर सहीशिक्क्याची नक्कल मिळाली आणि भावंडांमधला एक जुना संशय त्या कागदाने मिटला.

संगणकाच्या काळातल्या दस्तांना अशी वणवण कमी. त्या दस्ताच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक शिक्का असतो. त्यात कार्यालयाची तीन अक्षरं, क्रमांक, दस्त क्रमांक, पान आणि वर्ष असतं. ‘हवल ४’ म्हणजे हवेली ४. ‘टनन’ म्हणजे ठाणे, ‘बरल’ म्हणजे बोरिवली, ‘करल’ म्हणजे कुर्ला, ‘पवल’ म्हणजे पनवेल. दस्ताचं मधलंच एखादं पान हाती लागलं तरी तो शिक्का सगळं सांगून जातो. विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ही माहिती भरली की सूची क्रमांक दोन घरबसल्या पाहता येते. फार जुन्या वर्षांचं मात्र तिथे सापडत नाही, त्यासाठी कचेरीतल्या पुस्तकांकडेच जावं लागतं.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या फ्लॅटची आणि गावाकडची फाईल काढा. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक मिळकतीचं मौजे, तालुका, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, दुय्यम निबंधक कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष लिहा. गावाचा तालुका किंवा जिल्हा मधल्या काळात बदलला असेल तर जुनं नावही लिहा. तो कागद फाईलच्या अगदी वर लावा आणि मुलांना दाखवून ठेवा. कुणाला सूची वाचायला अडचण आली तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात असतो. कागद घेऊन या. फक्त येताना मागची बाजू सोडून झेरॉक्स आणू नका.